तळ्याच्या जागी खोल खड्डा

चेन्नईतील टी. नगर ही वसाहत १९२०च्या दशकात लाँग टँक नावाचे विस्तीर्ण तळे भरून वसविली गेली. त्याच भागात, पानगल पार्कपाशी, मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील भूमिगत स्थानकासाठी खोल खोदकाम करावे लागले. जुन्या तळ्याच्या जागी मऊ चिकणमाती असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते, म्हणून मी आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

फायनाइट एलिमेंट पद्धतीत जमिनीचे लहान लहान घटक कल्पून खोदकामाचा प्रत्येक टप्पा संगणकावर सोडविला जातो. परंतु माती कशी वागते हे संगणकाला आपणच सांगावे लागते. मोर-कूलम हे त्यासाठीचे सर्वांत परिचित प्रारूप होय.

एक उदाहरण घेऊ. मऊ मातीच्या एका थरावर १०० किलोपास्कल एवढा परिणामी उभा दाब आहे, तिचा घर्षणकोन २४ अंश आहे आणि संसंजन शून्य आहे. आडवा दाब सुमारे ५९, म्हणून सरासरी जवळजवळ ८० येते. तिला २४ अंशांच्या ज्येने गुणले असता सामर्थ्य ३२ किलोपास्कल मिळते. पण अशा मातीचे निचरा होण्यापूर्वीचे सामर्थ्य बहुधा उभ्या दाबाच्या बावीस शतांश, म्हणजे २२च्या आसपास असते. हा फरक कशामुळे पडतो? मऊ माती कातरली जाताना आक्रसू पाहते. पाणी बाहेर पडू न शकल्याने त्याचा दाब वाढतो आणि कणांमधील पकड सैल होते. साधे मोर-कूलम प्रारूप हे आक्रसणे जाणत नाही.

सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगतचे सुमारे ३० मीटर खोल खोदकाम कोसळून चौघांचा मृत्यू झाला. तेथे हीच गणनारीत वापरल्याने भिंतीची वाक कमी भासली होती. शिवाय टेकूंचे जोडही अपुरे होते.

मग निकालावर विश्वास केव्हा ठेवावा? प्रथम एकच घटक संगणकावर दाबून पाहावा आणि मिळालेले सामर्थ्य जागेवरील व्हेन चाचणीशी ताडावे. ते अधिक आल्यास निचऱ्यापूर्वीचे सामर्थ्य थेट प्रारूपात द्यावे. नंतर भिंतीतील इन्क्लिनोमीटरची नोंद प्रत्येक टप्प्यावर गणिताशी जुळवावी. मात्र पहिल्या उथळ टप्प्यात दोन्ही जुळले, तर त्यावर विसंबू नये. त्या वेळी माती आपल्या सामर्थ्याच्या मर्यादेपासून दूर असते, त्यामुळे चुकीचे प्रारूपही बरोबर उत्तर देते. खड्डा खोल होत जाईल तसे अंतर वाढू लागले, तर आकडे जुळविण्यासाठी मातीचा ताठरपणा कमी करीत बसू नये. खोदकाम थांबवावे आणि सामर्थ्याचे गृहीतच पुन्हा तपासावे.