दारात तपासता येईल तेवढंच लिहा



उंद्रीसारख्या गावात इलेक्ट्रिशियनला किंवा सुताराला काम ओळखीवर मिळतं. अमक्याचा मुलगा आहे, तमक्याकडे शिकला आहे, एवढं सांगितलं की लोक घरात घेतात. पण चिखलीच्या किंवा खामगावच्या नव्या कॉलनीत राहणाऱ्या माणसाला तुमचे अब्बा कोण, हे माहीत नाही. त्याचा पंखा बंद पडतो, तो फोन उघडून शोधतो, आणि समोर आलेल्या तीन-चार नावांमधून एकाला फोन लावतो. तुमचं नाव त्या यादीत असेल, तर तुमच्याबद्दल त्याच्या हातात तेवढा एकच कागद आहे. मी सॉफ्टवेअरचं काम करतो, मला वायर ओढता येत नाही. पण हा कागद कसा भरायचा, यावर थोडं बोलू शकतो.

उदाहरण गुगल बिझनेस प्रोफाइलचं घेऊ, कारण ते फुकट आहे आणि नकाशातही दिसतं. जस्टडायलवर भरायचं असेल, तरी विचार हाच ठेवा.

अशा याद्यांवरच्या बहुतेक प्रोफाइलमध्ये एकच मजकूर असतो: ‘नंबर वन सेवा, 24 तास उपलब्ध, 100 टक्के गॅरंटी, सर्वात स्वस्त.’ वाचणाऱ्याला यातलं काहीच तपासता येत नाही, म्हणून तो ते वाचतच नाही. माझा नियम साधा आहे. तुम्ही दारात उभे राहिल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ग्राहकाला जे तपासता येईल, तेच लिहायचं. ते जुळलं, तर न दिसणाऱ्या कामावरही तो विश्वास ठेवतो. भिंतीच्या आतली जोडणी त्याला कधीच दिसणार नसते.

सुरुवात नावापासून. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर जे नाव आहे, तेच प्रोफाइलवर हवं. अनेकजण नावातच ‘चिखली-खामगाव बेस्ट स्वस्त इलेक्ट्रिशियन’ असं सगळं घुसवतात, म्हणजे शोधात वर येईल. गुगलच्या नियमात हे बसत नाही आणि त्यापायी प्रोफाइल बंद होऊ शकतं. पडताळणीसाठी अनेकदा व्हिडिओ मागतात. त्यात तुमची हत्यारं, कामाची जागा, पाटी किंवा व्यवसायाचे कागद दाखवावे लागतात. तिथे खोटं नाव उघडं पडतं.

नावाचा एक प्रश्न आपल्या मुलांकडून नेहमी येतो. मुस्लिम नाव पाहून काही लोक फोनच करणार नाहीत, मग नाव लपवावं का? दुकानाला कोणतंही नाव द्यायला हरकत नाही, ते खरंच वापरात असलं म्हणजे झालं. पण दारात येणाऱ्या माणसाचं नाव ग्राहकाला आधी कळलेलं बरं. फोनवर एक नाव आणि दारात दुसरं, असं झालं की ज्याला तुमच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं, त्यालाही शंका येते. जो नाव वाचून फोन करत नाही, त्याचं मन प्रोफाइलने बदलणार नाही. तो तोटा खरा आहे. पण जे फोन करतात, ते तुमचं नाव वाचून करतात, आणि त्यांच्या दारात तुम्हाला कसलाही खुलासा करावा लागत नाही.

मग जागा. इथे आपल्या गावाची वेगळीच अडचण आहे. पुण्यात कोंढव्याच्या बाजूला उंड्री नावाचं उपनगर आहे, आणि इंग्रजीत दोन्ही गावं `Undri` अशीच लिहिली जातात. सेवाक्षेत्र भरताना गावाचं नाव टाकलं की खाली पर्याय येतात. त्यातला बुलढाणा जिल्ह्याचा पर्याय नीट पाहून निवडा, नाहीतर पुण्याच्या सोसायटीतून फोन येतील. दुकान नसेल, तर घरचा पत्ता दाखवायची गरज नाही. पत्ता लपवून फक्त सेवाक्षेत्र देता येतं. 20 ठिकाणं टाकायची सोय आहे, म्हणून 20 टाकू नका. उंद्री, अमडापूर, चिखली, खामगाव अशी जिथे तुम्ही त्याच दिवशी मोटरसायकलवर खरंच जाता, तेवढीच टाका. बुलढाण्याचा फोन आला आणि तुम्ही ‘उद्या बघतो’ म्हणालात, तर त्या माणसापुरतं तुमचं प्रोफाइल खोटं ठरलं.

आता शिक्षण आणि परवाना. इथे सगळ्यात जास्त सैल लिहिलं जातं. ‘सरकारमान्य इलेक्ट्रिशियन’ हा शब्द आधी काढून टाका. कागद वेगवेगळे असतात. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र सांगतं की तुम्ही ट्रेड शिकला आहात. तारतंत्री परवाना राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. विद्युत ठेकेदाराचा परवाना त्याहून वेगळा असतो. नव्या वायरिंगची जबाबदारी ठेकेदार घेतो आणि चाचणी अहवालावर त्याची सही लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी घरगुती कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवं. म्हणून ज्याच्याकडे फक्त आयटीआय आहे, त्याने तेवढंच लिहावं, आणि नव्या वायरिंगचं काम कोणामार्फत करतो, हेही लिहावं. यात कमीपणा नाही. शॉर्ट सर्किटने आग लागली, तर ‘सरकारमान्य’ हा शब्द तुमच्याच विरोधात वाचला जाईल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी तरतूद आहे.

समजा, एका मुलाने आयटीआय करून 2019 पासून काम सुरू केलं आहे. त्याचं वर्णन मी असं लिहीन. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा असते, हे त्यात आरामात बसतं:

‘पंखे, दिवे, स्विच, सॉकेट बदलणे, मिक्सर-इस्त्रीची दुरुस्ती. आयटीआय, वीजतंत्री ट्रेड. 2019 पासून काम करतो. पाहणीचे 150 रुपये. काम दिलं तर मजुरीतून वजा. सामानाचं बिल दुकानाचं, ग्राहकाच्या नावाने. मी केलेल्या जोडणीत 90 दिवसांत दोष निघाला, तर पुन्हा मजुरी घेत नाही. सामानाची वॉरंटी कंपनीची. सकाळी 9 ते संध्याकाळी 7. शुक्रवारी दुपारी 1 ते 3 फोन उचलत नाही. नवं वायरिंग परवानाधारक ठेकेदारामार्फत. खांबावरचं काम करत नाही, ते महावितरणचं.’

यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलमध्ये असतो. दुकानाचं बिल हातात येतं. गॅरंटी ‘100 टक्के’ नाही, पण ती कशाची, किती दिवस आणि त्यात काय येत नाही, हे स्पष्ट आहे. पंख्याचा कंडेन्सर कंपनीच्या दोषाने गेला, तर तो तुमच्या गळ्यात पडणार नाही, आणि टर्मिनल सैल राहिलं असेल, तर तुम्ही जाणार. 150 रुपये हा आकडा उदाहरणाचा आहे, तुमचा तुम्ही ठरवा. पण ठरवा आणि लिहा, कारण अर्धी भांडणं ‘नुसतं पाहायचे पैसे कसले?’ यावर होतात. शुक्रवारची वेळही लिहून ठेवा. आधी वाचलेली गोष्ट ग्राहक समजून घेतो, न उचललेला फोन समजून घेत नाही. आणि ‘करत नाही’ची दोन वाक्यं शेवटी आहेत, ती काढू नका. जो माणूस कशाला नाही म्हणतो, त्याच्या होला वजन येतं.

सुतारासाठीही हेच. ‘वॉटरप्रूफ फर्निचर’ असं लिहू नका. साध्या प्लायवूडचं मानक आयएस 303 आहे आणि मरीन प्लायचं आयएस 710. शिक्का प्लायच्या शीटवर असतो, कापल्यावर आणि लॅमिनेट चढल्यावर तो दिसत नाही. म्हणून लिहायचं: ‘सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 चा प्लाय, शिक्का दाखवूनच कापतो.’ ग्राहकाला प्लायमधलं काही कळत नसलं, तरी शिक्का वाचता येतो.

फोटो स्वतःच्याच कामाचे टाका. इंटरनेटवरून उचललेला बंगल्याचा फोटो लगेच ओळखू येतो, कारण त्या घरासारखं घर आपल्या भागात नसतं. साधा स्विचबोर्ड, आधी जळलेला आणि नंतर बदललेला, एकाच कोनातून काढलेला, जास्त काम करतो. फोटोआधी घरच्यांना विचारा. माणसं, दारावरची पाटी, कपाटाचं कुलूप, मीटरवरचा किंवा वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक फोटोत येऊ देऊ नका. लोक तुम्हाला घरात घेतात, त्यांचं घर तुम्ही बाहेर दाखवायचं नसतं.

शेवटी रिव्ह्यू. चुलत भाऊ, मित्र, मेव्हणे यांच्याकडून एका रात्रीत वीस पंचतारांकित रिव्ह्यू आणायचे, हा नेहमीचा मोह. ते उघडून पाहिले, तर सगळे एकाच तारखेचे, ‘खूप छान काम’ एवढेच, आणि कशाचं काम ते कुठेच नाही. वाचणाऱ्याला ते कळतं, गुगलही असे रिव्ह्यू काढून टाकू शकतं. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणंही नियमाविरुद्ध आहे, आणि फक्त खूश ग्राहकांनाच रिव्ह्यू मागणंही. काम संपलं त्याच दिवशी प्रत्येकाला लिंक पाठवा आणि एवढंच म्हणा: ‘काय काम केलं आणि कसं झालं, ते लिहा.’ ‘बाथरूमचा बोर्ड बदलला, सांगितलेल्या वेळेला आले’ असे सहा खरे रिव्ह्यू त्या वीसांपेक्षा जड असतात.

वाईट रिव्ह्यू कधीतरी येणारच. समजा कुणी लिहिलं: ‘मंगळवारी येतो म्हणाले, आले नाहीत, फोनही उचलला नाही.’ खरं असेल, तर उत्तर असं: ‘बरोबर आहे. अमडापूरला काम लांबलं, पण मी फोन करायला हवा होता. बुधवारी सकाळी येऊन काम केलं, पाहणीचे पैसे घेतले नाहीत.’ बस. ‘तुम्हीच पैसे थकवले होते’ असं तिथे लिहू नका, ग्राहकाचा हिशेब सगळ्या गावापुढे मांडू नका. आरोप खोटा असेल, तर तारीख आणि झालेलं काम तेवढं सांगा. हे उत्तर त्या एका माणसासाठी नसतं. पुढचा ग्राहक रिव्ह्यू वाचताना आधी वाईट रिव्ह्यू उघडतो आणि काही बिघडलं तर हा मुलगा कसा वागेल, ते त्यात पाहतो.

आज घरी गेल्यावर आपलं प्रोफाइल उघडा. प्रत्येक वाक्यापुढे स्वतःला विचारा, ग्राहकाने दारात ‘दाखव’ म्हटलं, तर काय दाखवशील? ज्याचं उत्तर नसेल, ते वाक्य खोडा. मग चार-पाच ओळीच उरल्या, तरी चालतील.