तांदळात सोंडे निघाले, आता व्हिडिओत काय दाखवायचं?

(मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



तांदूळ विकणाऱ्या आपल्या गटांना पावसाळ्यात एक फोन येतोच, "ताई, तुमच्या तांदळात सोंडे निघाले." आपण लगेच म्हणतो, "आमचा माल तर साफ होता!" आज या एकाच तक्रारीचा व्हिडिओ कसा करायचा ते बघू.

आधी सोंडे येतात कुठून? मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. दाणा वरून धडच दिसतो. अळी आत वाढते आणि उष्ण, दमट हवेत साधारण महिनाभरात सोंडा बाहेर येतो. चाळणीने फिरते सोंडे निघतात, अंडी निघत नाहीत. म्हणजे आपला माल साफ दिसत होता हे खरं आणि गिऱ्हाईकाच्या डब्यात सोंडे निघाले हेही खरं.

म्हणून वाद नको. पाकीट कधी घेतलं, कधी फोडलं, कशात ठेवलं एवढं विचारा आणि बदलून द्या. मग त्याच दिवशी भरलेली आपल्याकडची दोन-तीन पाकिटं फोडून बघा. त्यातही सोंडे असले तर विक्री थांबवा आणि कारण शोधा.

समजा, डिसेंबरात सगळं धान एकदम भरडलं. तांदळाची पोती जूनपर्यंत जमिनीवर, भिंतीला टेकून राहिली. पोतीही जुनी, शिवणीत सोंडे लपलेले. इथं सुधारणा करायची. टरफल शाबूत असलेल्या धानाला सोंडे कमी लागतात, म्हणून नीट वाळवलेलं धानच साठवा आणि महिन्याला लागेल तेवढंच भरडा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पाकिटावर भरडाईची तारीख टाका.

सुधारणा झाल्यावरच मोबाइल काढा. पाऊण मिनिटाचा व्हिडिओ पुरे. सुरुवातीला तक्रार गिऱ्हाईकाच्याच शब्दांत सांगा, पण तिचं नाव, फोटो, नंबर दाखवू नका. मग मोबाइल थेट पोत्यांजवळ न्या. आधी कशी होती ते तोंडाने सांगा, आता कशी आहेत ते दाखवा. शेवटी पाकिटावरची तारीख जवळून दाखवा आणि सांगा, "पाकीट फोडल्यावर तांदूळ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, महिनाभरात संपवा."

एक वाक्य मात्र बोलू नका, "आमच्या तांदळात सोंडे कधीच निघत नाहीत." पुढच्या पावसाळ्यात एक जरी सोंडा निघाला, तर तोच व्हिडिओ आपल्याला खोटं पाडेल. त्याऐवजी म्हणा, "निघाले तर फोन करा, पाकीट बदलून देऊ." आणि म्हटलं तर द्यायचंच. त्यासाठी दर महिन्याला दोन-चार पाकिटं बाजूला काढून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आलेली एक तक्रार वहीत, गिऱ्हाईक बोलली तशीच, लिहून आणा. तिथूनच पुढचा व्हिडिओ सुरू करू.