सोन्याच्या भावाचा अंदाज ऐकताना विचारायचे चार प्रश्न



सणासुदीच्या आधी सोसायटीच्या सभागृहात किंवा एखाद्या हॉटेलात सोन्याच्या योजनेची माहिती देणारा कार्यक्रम ठेवला जातो. चहा होतो, पडद्यावर आलेख येतो. रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली असते. बोलणारा ती रेघ तशीच पुढे ओढतो आणि सांगतो, "तीन वर्षांनी भाव इतका होणार." आपल्यातले बरेच जण त्या एका आकड्यावर निर्णय घेतात. काही जण तर बँकेत येऊन मुदत ठेव मोडतात.

मी आज सोने घ्या किंवा घेऊ नका असे सांगणार नाही. पडद्यावरची ती रेघ पाहताना कोणते प्रश्न विचारावेत, एवढेच सांगणार आहे. प्रश्न चारच आहेत, आणि ते विचारायला गणिताची पदवी लागत नाही.

पहिला प्रश्न : ही रेघ कोणत्या वर्षापासून सुरू केली?

अनेक वर्षांत भाव सरासरीने ज्या दिशेने सरकतो, तिला कल म्हणतात. हा कल नेमका किती, ते मोजायला कोठून सुरुवात केली यावर अवलंबून असते.

आपण 2012 सालात जाऊन बसू. 2002 मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा वार्षिक सरासरी भाव सुमारे 5 हजार रुपये होता, तो 2012 मध्ये सुमारे 31 हजार झाला. दहा वर्षांत सहा पटीहून जास्त, म्हणजे वर्षाला सुमारे 20 टक्के वाढ. त्या वेळी कोणी ही रेघ याच वेगाने पुढे ओढली असती, तर 2013 मध्ये 37 हजार, 2014 मध्ये 44 हजारांच्या वर आणि 2015 मध्ये साडेत्रेपन्न हजारांच्या आसपास असा अंदाज निघाला असता. प्रत्यक्षात 2015 चा सरासरी भाव सुमारे 26 हजार होता. अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी.

हिशेबात चूक नव्हती, वीस टक्के बरोबरच होते. पण मोजणी सुरू झाली ती भाव तळाजवळ असताना. हेच जागतिक भाव 1980 पासून पाहिले तर चित्र पालटते. जानेवारी 1980 मध्ये एक औंस सोने 850 डॉलरला गेले होते. तो आकडा पुन्हा ओलांडायला जानेवारी 2008 उजाडला. अठ्ठावीस वर्षे! आपल्याकडे मधल्या काळात भाव वाढलेला दिसला, त्याचे मोठे कारण डॉलरच्या तुलनेत रुपया उतरला हे होते.

यावरून भाव कशाने बनतो तेही कळते. आपल्याकडचा भाव ढोबळमानाने तीन गोष्टींनी ठरतो : जागतिक बाजारातला डॉलरमधला भाव, डॉलरचा दर आणि सरकारचे आयात शुल्क. 2012 ते 2015 मध्ये डॉलर महागला, आयात शुल्कही 2013 मध्ये 10 टक्क्यांपर्यंत नेले गेले, म्हणजे या दोन्ही गोष्टी भाव वर ढकलत होत्या. तरी भाव उतरला, कारण जागतिक भाव त्याहून जास्त घसरला. उलट जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले आणि आपल्याकडचा भाव लगेच खाली आला. मागच्या भावांची रेघ कितीही नीट काढली, तरी अर्थसंकल्पात काय येणार हे तिला कळत नाही.

म्हणून बोलणाऱ्याला सांगा, "हीच रेघ पाच वर्षे आधीपासून आणि पाच वर्षे नंतरपासून काढून दाखवा." तिन्ही उत्तरे जवळजवळ आली तर कलाला काही अर्थ आहे. एकात 20 टक्के आणि दुसऱ्यात 8 टक्के आले, तर त्याने सोयीचे साल निवडले असे समजा.

दुसरा प्रश्न : हा चढ खरेच हंगामाचा आहे का?

पुढचे वाक्य बहुधा असे असते, "दिवाळीआधी महिनाभर घेऊन ठेवा, दिवाळीत भाव चढतोच." दरवर्षी ठराविक काळात, ठराविक कारणाने होणारा चढउतार म्हणजे हंगामी चढउतार. टोमॅटोच्या भावात तो खरा असतो. पावसाळ्यात माल कमी येतो आणि टोमॅटो साठवून ठेवता येत नाही, म्हणून भाव चढतो. महागाई मोजताना या महिन्याची तुलना गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करतात, ती यासाठीच.

सोन्याचे तसे नाही. धनत्रयोदशीला आणि अक्षय्य तृतीयेला मागणी वाढते हे खरे, पण सोने टिकते. दिवाळीत भाव नक्की वाढणार हे सगळ्यांना माहीत असेल, तर व्यापारी आधीच घेऊन ठेवतात आणि तो चढ आधीच येऊन जातो. शिवाय भाव ठरतो जागतिक बाजारात, आणि त्याला आपल्या पंचांगाखेरीज इतर शंभर कारणे असतात.

तपासायचे कसे? समजा बोलणारा म्हणाला, "गेल्या दहांपैकी सहा ऑक्टोबरमध्ये भाव वाढला." ऐकायला बरे वाटते. पण विचारा, बाकीच्या महिन्यांचे काय? समजा त्या दहा वर्षांच्या एकशेवीस महिन्यांपैकी बहात्तर महिन्यांत भाव वाढला असेल, तर कुठलाही महिना उचला, सरासरीने दहांत सहा वेळा वाढ दिसणारच. तो एकूण कलाचा परिणाम झाला, हंगामाचा नव्हे. आणखी एक गोष्ट. दिवाळी एकाच महिन्यात येत नाही. 2023 मध्ये ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती, 2025 मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणून 'ऑक्टोबरची सरासरी' दाखवली, तर तीत काही वर्षी दिवाळी असते, काही वर्षी नसते.

समजा हंगामी चढ खरा निघाला आणि तो तीन टक्के आहे. सोने घेताना 3 टक्के जीएसटी जातो, दागिना असेल तर घडणावळ वेगळी, आणि विकताना यातले काहीच परत मिळत नाही. तीन टक्क्यांचा चढ तेवढ्यातच संपतो.

तिसरा प्रश्न : याच पद्धतीने तुम्ही मागे काढलेला अंदाज किती चुकला?

हा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. कागदावर शेवटची तीन वर्षे हाताने झाका, उरलेल्या वर्षांवरून अंदाज काढा आणि मग हात उचलून पाहा. आपण 2012 मध्ये बसून नेमके हेच केले. अंदाज साडेत्रेपन्न हजार, प्रत्यक्षात 26 हजार, चूक 27 हजारांहून जास्त. आता शेजारी सर्वांत साधा अंदाज ठेवा : "भाव आज आहे तेवढाच राहील." म्हणजे 31 हजार. त्याची चूक 5 हजार. काहीच न करणाऱ्याचा अंदाज आलेखवाल्याहून कितीतरी बरा ठरला.

पण एका परीक्षेवर निकाल देऊ नये. तीच पद्धत 2009 मध्ये बसून लावू. 1999 मध्ये भाव सुमारे 4,200 होता, 2009 मध्ये सुमारे 14,500. वाढीचा वेग वर्षाला सुमारे 13 टक्के. त्या हिशेबाने 2012 चा अंदाज 21 हजारांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात 31 हजार झाला. चूक 10 हजार, पण या वेळी अंदाज कमी पडला. 'आहे तेवढाच राहील' म्हणणारा इथे साडेसोळा हजारांनी चुकला, म्हणजे आलेखवाला बरा ठरला. एकदा अंदाज फार खाली गेला, एकदा फार वर. म्हणून बरोबर आलेल्या एका वर्षाचे उदाहरण पुरावा म्हणून मानू नका. निदान चार-पाच वेगवेगळ्या वर्षांपासून केलेले अंदाज आणि त्यांच्या चुका मागा.

चौथा प्रश्न : एकच आकडा का? खाली किती, वर किती?

रिझर्व्ह बँक महागाईचा अंदाज देते. तिच्याकडे देशभरची माहिती असते आणि हेच काम करणारे तज्ज्ञ असतात. तरी तिच्या चलनविषयक धोरण अहवालातला आलेख पाहा. मधल्या रेघेभोवती पट्टे असतात, 50, 70 आणि 90 टक्के शक्यतेचे. आजच्या जवळ ते अरुंद असतात आणि पुढच्या तिमाहींकडे जाताना पंख्यासारखे पसरत जातात. अर्थ एवढाच, की जितके लांबचे पाहावे तितकी खात्री कमी.

ज्याच्या आलेखावर तीन वर्षांनंतरही बारीक एकच रेघ आहे, तो रिझर्व्ह बँकेहून जास्त खात्रीने बोलतो आहे. त्याला विचारा, "दहांपैकी नऊ वेळा भाव कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल?" उत्तर आले नाही, किंवा पट्टा फार अरुंद आला, तर तिसऱ्या प्रश्नातल्या चुका त्याच्यासमोर ठेवा. मागच्या चुका जेवढ्या मोठ्या, पट्टा निदान तेवढा रुंद हवाच. आणि परताव्याची हमी देऊ लागला, तर सेबीकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागाराला तशी हमी देता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

पट्टा हातात आला की निर्णय सोपा होतो. समजा 2012 मध्ये आपण 2 लाख रुपये सोन्यात घातले आणि 2015 मध्ये मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. सरासरी भावाने हिशेब केला तर हाती सुमारे 1 लाख 68 हजार आले असते, कर आणि घडणावळ वेगळी. हीच रक्कम वर्षाला 8 टक्क्यांनी ठेवली असती तर सुमारे 2 लाख 52 हजार झाली असती. पुढे वाट पाहता आली असती, तर 2020 मध्ये सोन्याचा सरासरी भाव 48 हजारांच्या वर गेला. पण फीची तारीख पाच वर्षे थांबत नाही.

म्हणून पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे पाहण्याआधी खालच्या टोकाकडे पाहा आणि स्वतःला विचारा, भाव तिथे गेला तर ठरलेल्या तारखेला माझे काम होईल का? होत असेल तर सोने जरूर घ्या. होत नसेल तर त्या कामाचे पैसे मुदत ठेवीतच राहू द्या, आणि उरलेल्या पैशांचे सोने घ्या.