शेवटचा मेल: पैसे द्या, नाहीतर पुढची पायरी

आज बिल थकवलेल्या क्लायंटला पाठवायच्या शेवटच्या मेलबद्दल बोलू. माझाच किस्सा सांगतो.

नोकरीच्या जोडीला मी एका कंपनीसाठी बुकिंगचं अ‍ॅप करून दिलं. अ‍ॅडव्हान्सचा हिशोब चुकता झाला होता, राहिलं शेवटचं बिल, 1 लाख रुपयांचं. बिलाची तारीख 12 नोव्हेंबर 2024, करारानुसार मुदत 30 दिवस. म्हणजे 12 डिसेंबरला पैसे यायला हवे होते. जानेवारी उजाडला तरी ‘करतो, बघतो, अकाउंटंट सुट्टीवर आहे’ चालूच.

सर्व्हरची चावी माझ्याकडेच होती. रात्री दोन वाजता वाटायचं, एक कमांड मारावी आणि अ‍ॅप बंद करून टाकावं. नाही केलं ते बरं झालं. परवानगीशिवाय दुसऱ्याची सिस्टीम बंद पाडली की आयटी कायद्याखाली तक्रार उलट आपल्यावरच होऊ शकते.

मग चिडून एक मेल पाठवला, ‘1 लाख ताबडतोब द्या, नाहीतर बघून घेईन’ छापाचा. उत्तर लगेच आलं: ‘तुमची रक्कमच चुकीची आहे, आधी हिशोब नीट करा.’ आणि खरंच चुकीची होती! आमच्या व्यवहारात 10 टक्के टीडीएस कापला जाणार होता, म्हणजे माझ्या हातात 90 हजार यायचे होते. त्या एका आकड्यावर त्यांनी आणखी दोन आठवडे काढले.

पण टीडीएसनेच मला वाचवलं. फेब्रुवारीत इन्कम टॅक्सच्या साइटवर माझा फॉर्म 26एएस उघडला, तर तिथे त्यांच्या नावाने 1 लाखाची नोंद आणि 10 हजार टीडीएस जमा! टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात बिल नोंदवताना, जे आधी होईल तेव्हा कापतात. पैसे तर दिलेच नव्हते. म्हणजे बिल त्यांनी स्वतःच्या वहीत घेतलं होतं. आता ‘काम मान्य नाही’ म्हणणं त्यांना जड जाणार होतं.

मग 24 फेब्रुवारीला शेवटचा मेल पाठवला. मजकूर साधारण असा होता:

‘विषय: 12 नोव्हेंबर 2024 च्या बिलाचे 90,000 रुपये, अंतिम मागणी, मुदत 10 मार्च 2025.

महोदय, सदर बिल 1,00,000 रुपयांचे असून ते 12 डिसेंबर 2024 रोजी देय होते. त्यावरील 10,000 रुपये टीडीएस आपण जमा केल्याची नोंद फॉर्म 26एएसमध्ये आहे. उरलेले 90,000 रुपये सोमवार, 10 मार्च 2025 रोजी संध्याकाळी 6 पर्यंत खालील खात्यात जमा करावेत. तोपर्यंत पूर्ण रक्कम आल्यास मी व्याज मागणार नाही. न आल्यास मी एमएसएमई समाधान पोर्टलवर अर्ज दाखल करीन आणि कायद्यानुसार व्याजही मागेन. बिलाबद्दल काही आक्षेप असल्यास याच तारखेपर्यंत लेखी कळवावा.’

सोबत करार, बिल, काम मिळाल्याचा त्यांचाच मेल आणि 26एएसचं पान. बस्स. तीन महिन्यांची रडकथा नाही. ‘पोलिसांत जाईन’ही नाही, कारण नुसती थकबाकी हा दिवाणी मामला आहे, आणि पोकळ धमकी समोरचा ओळखतो.

‘सात दिवसांत’ असं लिहू नका. कुठून मोजायचे, यावर वाद होतो. वार, तारीख, वेळ लिहा. आणि जी पायरी लिहाल ती चढायची तयारी ठेवा. माझी होती, कारण काम घेण्याच्या आधीपासून माझी उद्यम नोंदणी होती. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे वाक्य अकाउंटंट लोकांना बरोबर कळतं.

नोंदणी नसेल तर पोर्टलचा उल्लेखच करू नका. वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा, एवढंच खरं खरं लिहा. दाव्याला सहसा पैसे देय झाल्यापासून 3 वर्षं मिळतात. त्यामुळे मेल शांतपणे लिहायला वेळ असतो, पण ‘पुढच्या महिन्यात बघू’ करत अमर्याद नाही.

आठवडाभर काही नाही. मी रोज बँकेचं अ‍ॅप उघडून बघायचो. 10 तारखेचा अर्ज भरूनही ठेवला होता, फक्त सबमिट बाकी. 7 मार्चला, शुक्रवारी दुपारी, त्यांच्या अकाउंटंटचा फोन: ‘सर, तुमचा खाते नंबर जरा परत पाठवता का?’ बिलावर होता, मेलमध्येही होता. तरी पाठवला. संध्याकाळी 90 हजार जमा.