गारांचा मार की करपा?
(मासिक सभेतील बोलणं)

मैत्रिणींनो, गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी गटात कांद्याच्या एका पातीचा फोटो येतो, "ताई, करपा आलाय, काय फवारू?" एका पातीवरून कसं सांगणार?

मागं एका ताईंना मी तीन फोटो मागितले: बांधावरून सगळं शेत, मग एक वाफा, मग जवळून पात. बघितलं, तर पांढरे चट्टे सगळ्या वाफ्यांत सारखेच होते. तेही पातीच्या एकाच बाजूला, गारा आल्या त्या अंगाला. काही पाती मोडलेल्या. बांधावरच्या गवतालाही तसाच मार! आदल्या दिवशी पीक चांगलं होतं. एका रात्रीत कांदा आणि गवत दोन्हीवर करपा येत नसतो, बरं का. तो आधी थोड्या रोपांवर दिसतो. चट्टा वाढत लांबट होतो, मध्ये जांभळा पडतो, मग शेजारच्या रोपांवर जातो.

तरी खात्री हवी. म्हणून ताईंनी त्याच पातीला दोरा बांधला आणि चौथ्या दिवशी पुन्हा फोटो काढला. चट्टे तेवढेच, नवी पात स्वच्छ. म्हणजे गारांचाच मार. फवारल्यानं तो चट्टा भरून येत नाही.

पण गाफील राहू नका. फाटलेल्या पातीतून करपा सहज शिरतो. ढगाळ हवा, दव असेल तर दोऱ्याची पात रोज बघा. चट्टा जांभळा होऊन वाढायला लागला, की फोटो घेऊन लगेच सहायक कृषी अधिकाऱ्यांना गाठा.