प्रोग्रॅम काउंटरच्या मागोमाग

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींनी बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं असेल, त्यांना 8085 हा मायक्रोप्रोसेसर नवा नाही. पाच आणि सात यांची बेरीज करणारा हा छोटा प्रोग्रॅम पाहा. डावीकडे मेमरीतला पत्ता आहे. सगळे आकडे हेक्स पद्धतीचे आहेत.

```
2000  3E 05  MVI A,05
2002  06 07  MVI B,07
2004  80     ADD B
2005  76     HLT
```

सुरुवातीला प्रोग्रॅम काउंटरमध्ये 2000 आहे. क्लॉकच्या पहिल्या ठोक्याला हा पत्ता बसवर जातो. दुसऱ्याला मेमरी वाचायचा इशारा मिळतो आणि काउंटर 2001 होतो. म्हणजे सूचना हातात येण्याआधीच काउंटर पुढे सरकलेला असतो. तिसऱ्याला 3E इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये उतरतं, चौथ्याला त्याचा उलगडा होतो: पुढचा बाइट आणून A मध्ये ठेवायचा. मग आणखी तीन ठोक्यांत 2001 वरचा 05 येतो. तो इन्स्ट्रक्शन रजिस्टरकडे फिरकतही नाही, थेट A मध्ये जातो. काउंटर आता 2002 वर.

B मध्ये 07 असंच येतं. पुढच्या 80 ला मात्र मेमरीतून आणखी काही नको असतं, म्हणून तिथे चार ठोके पुरतात. A मध्ये 0C येतं, म्हणजे बारा. 76 आलं की प्रोसेसर थांबतो.

आता समजा, बाइट भरताना 05 राहून गेला. मेमरीत 3E, 06, 07, 80, 76 असे बाइट लागोपाठ बसले. 3E ला पुढचा बाइट हवा, त्याला 06 मिळतो आणि A मध्ये सहा जातात. काउंटर 2002 वर, तिथे 07. मघाशी हा साधा आकडा होता. आता तोच इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये जातो, आणि 8085 च्या लेखी 07 म्हणजे RLC, A मधले बिट एक घर डावीकडे फिरवा. सहाचे बारा होतात! मग 80 येतं आणि B मध्ये जे काही पडलेलं असेल ते मिळवतं. B मध्ये शून्य असेल तर उत्तर 0C, अगदी बरोबर. आधीच्या वेळचा 07 उरला असेल तर 13.

बाइटवर ‘मी सूचना’ किंवा ‘मी आकडा’ असा शिक्का नसतो. काउंटर कुठल्या क्षणी तिथे पोहोचला, यावरच ते ठरतं. म्हणून नुसतं उत्तर तपासून भागत नाही. इन्स्ट्रक्शन रजिस्टर किटवर पाहता येत नाही, पण एकेक सूचना चालवून काउंटर पाहता येतो. बरोबर प्रोग्रॅममध्ये तो 2000, 2002, 2004, 2005 असा जातो. चुकलेल्यात 2002 नंतर 2003 दिसतो. तिथेच थांबायचं आणि 2001 वर काय भरलंय ते उघडून बघायचं.