निश्चयक, विस्तार न करता

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर जवळ घ्या, आज आपण चार ओळींचा एक निश्चयक मिळून सोडवणार आहोत.

दहावीत क्रेमरच्या पद्धतीसाठी दोन ओळींचा निश्चयक आपण सोडवतो: दोन तिरके गुणाकार आणि एक वजाबाकी. तीन ओळींचा विस्तार केला की 6 पदं होतात. चार ओळींची 24, आणि त्यांतली निम्मी उलट चिन्हाची. त्या पसाऱ्यात एखादं चिन्ह चुकलं, तर ते शोधणं फार अवघड जातं.

म्हणून विस्ताराऐवजी ओळींवर काम करायचं. दोन ओळींची अदलाबदल केली की उत्तराचं चिन्ह उलटतं. एका ओळीतल्या सगळ्या संख्यांचा सामाईक अवयव बाहेर काढला, तर तो गुणक म्हणून बाहेर सांभाळायचा. आणि एका ओळीची कोणतीही पट दुसऱ्या ओळीत मिळवली किंवा तिच्यातून वजा केली, तर उत्तर मुळीच बदलत नाही.

हा तिसरा नियम पहिल्या दोहोंइतका सहज पटत नाही, पण त्याचं कारण सोपं आहे. समजा, तिसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा केली. नव्या निश्चयकाचे दोन भाग पाडता येतात. एक भाग म्हणजे मूळ निश्चयक. दुसरा, उणे दोनने गुणलेला असा निश्चयक, ज्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या जागी एकच ओळ आहे. त्या दोन सारख्या ओळींची अदलाबदल करा. चिन्ह उलटायला हवं, पण निश्चयक तर जसाच्या तसा दिसतो. स्वतःच्या उलट चिन्हाइतकी असणारी संख्या एकच, शून्य. म्हणजे दुसरा भाग नाहीसा होतो आणि मूळ उत्तर उरतं.

आता उदाहरण लिहून घ्या. पहिली ओळ: 0, 1, 2, 1. दुसरी: 3, 6, 3, 9. तिसरी: 2, 5, 3, 7. चौथी: 1, 3, 4, 6. मुख्य कर्णाच्या खाली सगळीकडे शून्य आणायचं आहे. तसं झालं की कर्णावरच्या चार संख्यांचा गुणाकार हेच निश्चयकाचं मूल्य असतं.

सुरुवातीलाच शून्य आहे, म्हणून पहिली आणि दुसरी ओळ अदलाबदल करू. उणे चिन्ह बाहेर आलं. वर आलेल्या 3, 6, 3, 9 मधून 3 बाहेर काढू. ओळ उरली 1, 2, 1, 3 आणि बाहेरचा गुणक झाला उणे 3. तो कागदाच्या कडेला लिहून ठेवा. घाईत विसरतो तो हाच.

तिसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा केली: 0, 1, 1, 1. चौथीतून पहिली वजा केली: 0, 1, 3, 3. आता दुसरी ओळ आहे 0, 1, 2, 1. ती तिसरीतून वजा केली की 0, 0, उणे 1, 0. चौथीतून वजा केली की 0, 0, 1, 2. शेवटी या चौथीत तिसरी मिळवली: 0, 0, 0, 2. कर्णावर आहेत 1, 1, उणे 1 आणि 2. गुणाकार उणे 2. बाहेर उणे 3. उत्तर 6. मूळ दुसऱ्या ओळीतली प्रत्येक संख्या 3 ने विभाज्य होती, म्हणून उत्तरही 3 ने विभाज्य असायलाच हवं. ते आहे.

दोन चुका मात्र जपा. समीकरणं सोडवताना अपूर्णांक टाळण्यासाठी आपण दुसऱ्या ओळीची दुप्पट करून तीतून पहिलीची तिप्पट वजा करतो. समीकरणांत त्यानं काही बिघडत नाही. निश्चयकात मात्र बदलणारी ओळच दुप्पट केल्यामुळे मूल्य दुप्पट होतं, आणि ते शेवटी 2 ने भागावं लागतं.

दुसरी चूक जास्त फसवी. तीन ओळींच्या निश्चयकात पहिलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी आणि तिसरीतून पहिली, अशा तिन्ही वजाबाक्या जुन्या ओळी घेऊन एकदम केल्या, तर कोणताही निश्चयक शून्य होतो, कारण नव्या तीन ओळींची बेरीजच शून्य असते. पायऱ्या एकामागून एक करा. पहिली ओळ बदलली असेल, तर पुढे तिचं नवं रूपच वापरा. आणि सगळ्या ओळी एकमेकींतून वजा करून शून्य आलं, तर त्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नका.

ओळींऐवजी स्तंभ घेतले, तरी हेच नियम चालतात. दहा ओळींच्या निश्चयकाच्या विस्तारात 36,28,800 पदं असतात; ओळींच्या या रीतीनं तोच साडेतीनशेच्या आत गुणाकार-भागाकारांत सुटतो.